पेटी कोणत्या सुरांत लावून घ्यावी: टेंपर्ड की नैसर्गिक?

पेटी नव्याने सुरात लावायची वेळ आली की कारागीर एक प्रश्न विचारतो, आणि बहुतेक जण त्यावर गोंधळतात. आहे तशीच टेंपर्ड ठेवायची, की एका षड्जाला बांधून नैसर्गिक सप्तकात लावायची? गाणारे याला 'गांधार ट्यूनिंग' म्हणतात, आणि ते नाव का पडलं ते पुढे येईलच. मी दोन्ही वापरून पाहिलं आहे. माझं मत शेवटी कुठे झुकलं हे लपवणार नाही, पण तुमची गरज माझ्यासारखीच असेल असं गृहीत धरू नका.

हिशोब सोपा पडावा म्हणून षड्ज २४० कंपनांचा धरू. नैसर्गिक सप्तकात पंचम ३/२ म्हणजे ३६०, मध्यम ४/३ म्हणजे ३२० आणि शुद्ध गांधार ५/४ म्हणजे नेमका ३००. टेंपर्डमध्ये सप्तकाचे बारा सारखे भाग पडतात आणि प्रत्येक पुढची पट्टी मागच्या पट्टीच्या साधारण १.०५९५ पट असते. त्या मापाने पंचम ३५९.६ येतो, मध्यम ३२०.४ आणि गांधार ३०२.४. पंचम-मध्यमात फरक जेमतेम आहे. खरा बिघाड गांधारात आहे. तो अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका चढा आहे. शुद्ध धैवत आणि निषादही असेच चढे निघतात, ४०० आणि ४५० च्या जागी ४०३.६ आणि ४५३.१.

कागदावर अडीच कंपनं म्हणजे काहीच नाही असं वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण तानपुरा शेजारी असला की गोष्ट बदलते. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात, कोणतीही तार गांधाराची नसताना, गांधार ऐकू येतो. तोच स्वयंभू गांधार. षड्जाच्या पाचपट कंपनं, म्हणजे आपल्या हिशोबात १२००, तारेतूनच निघत असतात. आता पेटीवर गांधार धरा. त्याचा चौपटीचा उपस्वर टेंपर्ड पेटीत १२०९.५ वर पडतो. दोघांत साडेनऊ कंपनांचा फरक म्हणजे सेकंदाला साडेनऊ वेळा आवाज फुगतो आणि बसतो. विज्ञानाच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. कानाला तो खरखरीत थरथराट वाटतो. पंचमाचं तसंच गणित केलं तर ७२० आणि ७१९.२, म्हणजे सव्वा सेकंदाला एखादी संथ लाट. ती खपून जाते, कधी कधी तर गोडही वाटते. गांधाराची थरथर खपत नाही.

तरीही माझा निर्णय थरथरीने झाला नाही. थरथरीची सवय होते, आणि सवय होते हाच त्रास ठरला. मी रोज पेटीबरोबर भूप घोटत असे. भूपात गांधार वादी, त्यावर येऊन थांबायचं, रेंगाळायचं. एकदा गुरुजींनी मध्येच भाता थांबवायला सांगितला आणि नुसत्या तानपुऱ्यावर गांधार लावायला लावला. ''चढा लागतोय,'' म्हणाले. मी खाली आणला, बसला. पुन्हा पेटी घेतली, पुन्हा वर गेला. माझ्या गळ्यात दोन गांधार झाले होते, एक पेटीचा आणि एक तानपुऱ्याचा, आणि सम जवळ आली की कोणता लागेल याची खात्री मलाच नसे. दुसऱ्या कुणाचा गळा इतका भाबडा नसेलही. मला मात्र हे सहन झालं नाही.

मग पेटी नैसर्गिक सप्तकात लावून घेतली. कारागिराने रीडचं बूड किंचित घासून गांधार, धैवत, निषाद उतरवले. रीड टोकाशी घासली तर स्वर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. कोमल गांधाराचं मात्र उलटं, तो ६/५ म्हणजे २८८ वर नेण्यासाठी चढवावा लागला, कारण टेंपर्डमध्ये तो २८५.४ असतो. पहिल्या दिवशी गांधार धरला आणि वाटलं, पेटीचा आवाजच गेला. गेली होती ती थरथर. स्वर तानपुऱ्यात विरघळून गेला होता.

आता याची किंमत. तुम्ही पेटी एका षड्जाला बांधली, की ती त्याच षड्जाची राहते. पांढरी एकला बांधलेल्या पेटीवर कुणी पांढरी दोनला षड्ज मागितला, तर मूळचा रिषभ षड्ज होतो आणि मूळचा धैवत त्याचा पंचम. रिषभ २७०, त्याचा खरा पंचम ४०५ हवा. पेटीत आहे ४००. इथे सेकंदाला दहा विस्पंद पडतात, आणि तेही पंचमात. टेंपर्डचा गांधार परवडला म्हणायची पाळी येते. मूळ मध्यमाला षड्ज मानून गायलं तर मात्र बरंच निभावतं: धैवत त्याचा नेमका ५/४ गांधार होतो, वरचा षड्ज पंचम होतो. कोमल निषाद १६/९ ला लावून घेतला असेल तर नव्या षड्जाचा मध्यमही जुळतो. नवा धैवत फक्त थोडा चढा राहतो. मध्यमात ठुमरी-भजन म्हणणाऱ्यांनी कारागिराला निषादाचं हे आधीच सांगावं.

म्हणून, तुम्ही साथ करत असाल, आज काळी एक, उद्या पांढरी चार, परवा गिटारसोबत समूहगीत, तर टेंपर्डच ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. बाराही षड्जांवर सारखीच आणि थोडीशीच बेसूर असणं हाही एक गुण आहे. पण पेटी घरात असेल, गाणारा एकच असेल आणि त्याचा षड्ज ठरलेला असेल, तर बाकी अकरा पट्ट्यांच्या सोयीसाठी रोजचा गांधार चढा का ऐकावा, हे मला अजून कळलेलं नाही. श्रुतींचा बारीक वाद मी यात आणत नाही. नैसर्गिक पेटीलाही मींड येत नाही, आणि देशकाराचा धैवत ती भूपाच्याच जागी दाखवते.

रीड घासण्याआधी खात्री करायची असेल तर ज्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्ये प्रत्येक स्वर वेगळा सरकवता येतो त्यावर करून पाहा. त्यात माप सेंटचं असतं, अर्ध्या स्वराचे शंभर. गांधार १४ ने खाली, धैवत १६ ने, निषाद १२ ने. रिषभ ४ ने वर, पंचम २ ने वर, मध्यम २ ने खाली. तानपुरा लावून आठवडाभर त्यावर गा, मग सगळे आकडे शून्यावर आणून पुन्हा गा. फरक जाणवला नाही तर खर्च वाचला. आणि पेटी दुहेरी सुरांची असेल तर दोन्ही ओळी घासून घ्या. माझी खर्जाची ओळ राहून गेली होती, आणि महिनाभर पेटीचा गांधार स्वतःशीच भांडत होता.