खंडीचा भाव आणि पोर्टलचा जेसन : एका हंगामाचा वापर

मी वणी भागातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब पाहतो. वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेली की ई-इन्व्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल सरकारच्या पोर्टलवर नोंदवणं, करावंच लागतं. ही मर्यादा 1 ऑगस्ट 2023 पासून लागू आहे, त्यामुळे आम्हीही त्यात आलो. नोव्हेंबरात आम्ही एक जोडणीचं सॉफ्टवेअर घेतलं. आमच्या हिशेबाच्या प्रोग्राममधून निघणारी एक्सएमएल फाईल ते वाचतं, प्रत्येक रकाना सरकारी नमुन्याच्या जेसनमध्ये बसवतं आणि पोर्टलवर पाठवतं. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे. नोव्हेंबर ते मे असे सात महिने रोज वापरून झाले, त्यावरून हे लिहितोय.

बसवायला अर्धा दिवस लागला. जीएसटी नंबर, पत्ता, तारीख हे सगळं पहिल्याच फटक्यात जुळलं. अडलं ते बिल नंबरात. आमचा जुना नंबर `WNI/GANTH/25-26/0147` असा, म्हणजे 20 अक्षरांचा, आणि पोर्टल 16 च्या वर घेत नाही. पहिलं अक्षर शून्य, तिरकी रेघ किंवा आडवी रेघ असलेलंही चालत नाही. `G/25-26/147` केलं आणि तो प्रश्न तिथंच मिटला.

खरा घोळ वजनमापाचा होता, आणि तो पोर्टलने पकडला नाही.

रुईचा सौदा खंडीवर होतो हे आपल्याकडे सांगायला नको. गाठी मोजायच्या, वजन किलोत करायचं, भाव मात्र खंडीचा. पण जीएसटीच्या मापांच्या यादीत खंडी नाहीच. तिथं `KGS`, `QTL`, `BAL`, `TON` अशी ठरावीक तीन अक्षरी मापं आहेत. आमच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये माप इंग्रजीत `CANDY` असं टाकलेलं होतं. सॉफ्टवेअरला ते यादीत सापडलं नाही, तेव्हा त्यानं पहिली तीन अक्षरं घेऊन `CAN` पाठवलं. `CAN` यादीत आहे, पण त्याचा अर्थ डबे! पोर्टलनं मुकाट आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, दिला, क्यूआर छापला गेला, ट्रक गेला. चार दिवसांनी तमिळनाडूतल्या सूतगिरणीच्या लेखापालाचा फोन आला, की तुमच्या बिलात 47.362 डबे दिसतात. शेठजी बाजूलाच बसले होते. म्हणाले, "काय जी मुनीमजी, आपन कापूस इकतो का राकेल?"

चोवीस तास कधीच उलटून गेले होते, त्यामुळे पोर्टलवर ते बिल रद्द करता येईना. क्रेडिट नोट काढून नवीन बिल करावं लागलं. यातून एक गोष्ट पक्की कळली. पोर्टल नमुना तपासतं, कर आणि बेरीज तपासतं. माल काय आहे आणि कोणत्या मापानं विकला, हे तपासणं त्याचं काम नाही. ते रकाना जुळवताना आपणच पाहायचं.

मग मी माप किलो करून टाकलं. वाटलं, सुटलो. तर दुसऱ्या आठवड्यात त्याच गिरणीनं बिल परत पाठवलं. हा भाग सविस्तर सांगतो, कारण जिनिंगवाल्या प्रत्येकाला तो लागणार आहे.

सौदा होता 100 गाठी, निव्वळ वजन 16,842 किलो, भाव 53,800 रुपये खंडी. सौद्याच्या चिठ्ठीत खंडी 355.6 किलोची धरलेली. (सॉफ्टवेअरच्या तयार नमुन्यात ती 356 होती. नुसत्या त्या फरकानं या एका बिलात 2,863 रुपये कमी आले असते. तो आकडा कुठल्या तरी सेटिंगच्या पोटात दडलेला होता, नशिबानं नजरेस पडला.) खंडीनं हिशेब केला तर रक्कम येते 25,48,086.61.

आता किलोचा भाव काढा. 53,800 भागिले 355.6 म्हणजे 151.293588 आणि पुढे शेपूट. जेसनमधल्या `UnitPrice` ला दशांशानंतर तीनच आकडे चालतात, म्हणून सॉफ्टवेअरनं 151.294 केलं. गिरणीच्या यंत्रणेनं आपल्या बाजूनं 16,842 गुणिले 151.294 केलं तर आले 25,48,093.55. आमच्या रकमेपेक्षा 6 रुपये 94 पैसे जास्त. त्यांच्याकडं एक रुपयाच्या वर फरक दिसला की बिल आपोआप अडकतं. चूक आमचीही नव्हती, त्यांचीही नव्हती. भावाचं शेपूट कापलं, आणि ते सोळा हजारानं गुणलं गेलं, एवढंच.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या माणसानं सुचवलं, रक्कमच 25,48,093.55 करा. तसं कसं करणार? सौदा खंडीचा आहे, दलालाची दलाली त्या रकमेवर आहे, आणि पैसे सौद्यापेक्षा वर कोण देणार?

उपाय साधा निघाला. किलोऐवजी क्विंटल. वजन 168.42 क्विंटल, भाव 53,800 भागिले 3.556 म्हणजे 15,129.359. गुणाकार येतो 25,48,086.64. फरक तीन पैशांचा. तीन दशांश तेच, पण ते आता 16,842 नं न गुणता 168 नं गुणले जातात, म्हणून चूक शंभरपट आटते. वजनालाही तीन दशांश चालतात, म्हणजे शंभर ग्रॅमपर्यंत काही सुटत नाही. आमच्या बिलाची ओळ आता अशी जाते:

```json
{"SlNo":"1","PrdDesc":"COTTON BALES 100",
 "IsServc":"N","HsnCd":"520100",
 "Qty":168.42,"Unit":"QTL",
 "UnitPrice":15129.359,
 "TotAmt":2548086.61,"AssAmt":2548086.61,
 "GstRt":5,"IgstAmt":127404.33,
 "TotItemVal":2675490.94}
```

वरचे 6 पैसे `RndOffAmt` मध्ये टाकले की बिल 26,75,491 चं पूर्ण होतं. `TotAmt` मी खंडीच्या हिशेबाचीच ठेवतो, गुणाकाराची नाही. जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात मालाच्या कोडनुसार जो एचएसएन गोषवारा असतो, त्यातही मग क्विंटलच धरावं लागतं. तिथं किलो आणि इथं क्विंटल केलं तर वजनाचे आकडे कुठंच जुळत नाहीत.

दुसरी अडचण आमच्या गावाची. लाईन गेली की नेट जातं, तेही नेमकं बिल पाठवताना. बिल पोर्टलवर पोचलेलं असतं, उत्तर मात्र आपल्याकडं येत नाही. पुन्हा पाठवलं की `2150` चूक दिसते, म्हणजे या नंबरचा आयआरएन आधीच निघालाय. आमच्या नव्या पोरानं एकदा घाबरून नंबर बदलून पाठवलं आणि एकाच मालाची दोन बिलं झाली. 24 तासांच्या आत होतं म्हणून एक रद्द करता आलं. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरूनच निघतो. त्यामुळे `2150` दिसली तर नंबरला हात लावायचा नाही, पोर्टलवर जाऊन निघालेला आयआरएन उतरवून घ्यायचा. सॉफ्टवेअरनं हे स्वतःहून करायला हवं, पण ते लाल पट्टी दाखवून थांबतं.

पुढच्या हंगामाचं वर्गणीचं बिल आलंय आणि मी भरणार आहे. हाताने रकाने भरण्यात रोज दोन तास जात होते, ते वाचले. पण एक मागणी तीन महिन्यांपासून पडून आहे. लॉट नंबरसाठी नमुन्यात `BchDtls` हा वेगळा रकाना आहे, आणि गिरणी लॉटनंच माल तपासते. सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना जोडायची सोयच नाही. फोन केला की "पुढच्या अपडेटमध्ये" म्हणतात. तोवर प्रत्येक बिलाच्या वर्णनात लॉट नंबर मी हातानेच टाकतो, आणि ट्रक निघायच्या घाईत एखाद्या वेळी राहूनही जातो.