फुल अँड फायनलच्या कागदावर मी रकमेआधीच सही केली

१४ सप्टेंबर २०२४ हा माझा कंपनीतला शेवटचा दिवस. गणपतीचे दिवस होते, शनिवार होता, अर्धं ऑफिस रिकामं होतं. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका मालवाहतूक कंपनीत मी साडेसहा वर्षं कागदपत्रांच्या विभागात काम केलं. दुपारी लॅपटॉप, आयकार्ड आणि सिमकार्ड जमा केलं. एचआरच्या मॅडमनी तीन कागद पुढे ठेवले. दोन नो ड्यूजचे होते. तिसरा फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा; त्यावर इंग्रजीत छापलं होतं की मला पगार, रजा, ग्रॅच्युइटी यांसह सगळी देणी पूर्ण मिळाली आहेत आणि यापुढे कंपनीकडे माझी कोणतीही मागणी नाही. रकमेची जागा कोरी होती.

मी विचारलं, "मॅडम, यात आकडा नाही."

"अकाउंट्सवाले भरतील. हा कागद आल्याशिवाय फाईल पुढे जात नाही, आणि फाईल पुढे गेल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर निघत नाही."

नव्या नोकरीत १६ तारखेला रुजू व्हायचं होतं आणि तिथे रिलीव्हिंग लेटर मागितलं होतं. मी सही केली. तारीखही त्यांनी सांगितली तीच घातली. संध्याकाळी डोंबिवलीची गाडी पकडली तेव्हा हातात लेटर होतं आणि मला वाटत होतं की काम झालं.

पैसे कधी येतील विचारलं तर "पंचेचाळीस दिवसांत, पॉलिसी आहे" असं उत्तर मिळालं होतं. ऑक्टोबर संपला. दिवाळी झाली. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". ईमेलला उत्तर नाही. जानेवारी २०२५ च्या मध्याला खात्यात रक्कम आली, तीही मी धरून चालले होते त्याच्या निम्म्याच्या आसपास. हिशोबाचा तक्ता मागण्यात आणखी आठवडा गेला. तो हाती आला तेव्हा कळलं की मला तीन ठिकाणी कापलं होतं.

आकडे सांगते, कारण हे समजायला आकडेच लागतात. माझा एकूण पगार महिना ५२,००० रुपये होता आणि बेसिक २६,०००. सप्टेंबरच्या १४ दिवसांचा पगार त्यांनी २४,२६६ धरला होता, तो बरोबर होता. ग्रॅच्युइटी दाखवली होती ७८,०००. शिल्लक रजेपुढे शून्य. आणि खाली "नोटीस वसुली" म्हणून २६,००० वजा. पीएफ, व्यवसाय कर वगैरे नेहमीच्या कपाती वेगळ्या.

ग्रॅच्युइटीपासून सुरू करते, कारण तिथला खेळ पटकन दिसत नाही. तेव्हाच्या कायद्याचं सूत्र असं होतं की शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. २६ कशासाठी? तर महिन्यातले कामाचे दिवस २६ धरले आहेत, चार रविवार वगळून. दुसरी गोष्ट वर्षांची. शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. मी ५ फेब्रुवारी २०१८ ला लागले होते, म्हणजे सहा वर्षं सात महिने आणि वर काही दिवस. ती सात वर्षं धरायला हवी होती. २६,००० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे १५,०००, आणि सात वर्षांचे १,०५,०००. कंपनीने ३० ने भागलं आणि सहाच वर्षं धरली. त्यामुळे १३,००० गुणिले सहा, म्हणजे ७८,००० झाले. २७,००० रुपये इतक्या सहज गेले, आणि तक्त्यात "Gratuity – 6 yrs" एवढाच शब्द होता. ३० चा भागाकार मला स्वतः उलटं गणित करून शोधावा लागला.

नोटीसच्या पैशांचं दुःख अजून आहे. नेमणूकपत्रात साठ दिवसांची नोटीस होती. मी १ ऑगस्टला राजीनामा दिला. वरिष्ठांना नवीन नोकरीची तारीख सांगितली तेव्हा ते फोनवर म्हणाले, "काही हरकत नाही, काम हातावेगळं करा आणि १४ ला सुटा." मला तो शब्द पुरेसा वाटला. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. पण हिशोब करणाऱ्यांकडे तो फोन नव्हता, नेमणूकपत्रातले साठ दिवस होते. पंधरा दिवस कमी पडले म्हणून पंधरा दिवसांचा पगार कापला, तोही बेसिकवर नव्हे, एकूण पगारावर. वरिष्ठांना फोन केला तर ते म्हणाले, "मी तर सोडलं होतं, एचआरने काय केलं माहीत नाही." लिहून द्यायला मात्र तयार नव्हते.

रजेचं त्याहून सरळ होतं. नेमणूकपत्राप्रमाणे ३० दिवसांपर्यंतची शिल्लक रजा नोकरी सोडताना बेसिकवर रोख मिळायची. माझ्या २२ रजा होत्या. २६ दिवसांच्या हिशोबाने रोजचे १,०००, म्हणजे २२,००० रुपये. त्या रजा मी ऑगस्टमध्ये पोर्टलवर पाहिल्या होत्या, पण स्क्रीनशॉट घेतला नव्हता. पगारपत्रकावर रजेची शिल्लक छापत नसत. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता माझं लॉगिन बंद झालं आणि पुरावा त्याच्यासोबत गेला. एचआरचं म्हणणं, "रेकॉर्डप्रमाणे रजा लॅप्स झाल्या."

२७,००० अधिक २६,००० अधिक २२,०००. पंचाहत्तर हजार.

मी चिडून ईमेल केला तेव्हा उत्तरात सप्टेंबरचा तो कागद स्कॅन करून आला. कोऱ्या जागेत आता आकडा टाईप केलेला होता आणि खाली माझी सही. "आपण सर्व रक्कम स्वीकारल्याचं लेखी दिलं आहे." सहीवरची तारीख १४ सप्टेंबर, पैसे जानेवारीत. हे त्यांना विसंगत वाटलं नाही.

इथे आमच्या सोसायटीतले एक काका उपयोगी पडले. ते बरीच वर्षं कामगार संघटनेत होते. त्यांनी सगळे कागद पाहून मला जे सांगितलं ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. पगार, रजा आणि नोटीसचे पैसे हे करारावर अवलंबून असतात, तिथे सही आडवी येते आणि भांडण लांबतं. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कुठल्याही करारापेक्षा तो कायदा वरचढ होता. कमी रकमेवर सही घेतली म्हणून हक्क संपत नाही. त्यातून नोटीसची भरपाईही मनाला येईल तशी वळती करता येत नाही. ग्रॅच्युइटी रोखण्याची कारणं कायद्याने ठरवून दिली आहेत आणि राजीनामा त्यात नाही. शिवाय ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाला तर तेव्हा वर्षाला १० टक्के सरळ व्याज होतं. कंपनीची पंचेचाळीस दिवसांची पॉलिसी ग्रॅच्युइटीला लागूच नव्हती.

जानेवारीच्या शेवटी मी फॉर्म आय, म्हणजे कंपनीकडे ग्रॅच्युइटी मागण्याचा अर्ज, भरून कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवला. सोबत गणिताचा एक पानी कागद जोडला. उत्तर द्यायला त्यांना पंधरा दिवस असत. उत्तर आलं नाही. मग फॉर्म एन, म्हणजे नियंत्रक अधिकाऱ्याकडे दाद मागण्याचा अर्ज. आपल्याकडे त्या कायद्याखालचा नियंत्रक अधिकारी म्हणजे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश असत, त्यामुळे तो वांद्रे पूर्वेला दाखल केला. हा अर्ज तेव्हा वाद उभा राहिल्यापासून ९० दिवसांत करायचा असे, उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागे. मी वेळेत होते ते केवळ काकांच्या घाईमुळे. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, रिलीव्हिंग लेटर आणि बँकेचा उतारा एवढे कागद लागले. रिलीव्हिंग लेटरवर रुजू झाल्याची आणि सुटल्याची अशा दोन्ही तारखा होत्या, म्हणून सात वर्षांवर वाद घालायला त्यांना जागाच उरली नाही.

न्यायालयाची नोटीस गेल्यावर दुसऱ्या तारखेआधीच कंपनीच्या वकिलांनी तडजोड केली. जुलै २०२५ मध्ये राहिलेले २७,००० आले आणि त्यावरचं दहा महिन्यांचं २,२५० रुपये व्याज. बाकीचे ४८,००० मात्र गेले ते गेलेच. जुन्या वेतन कायद्यात २४,००० पेक्षा जास्त पगार असलेल्यांना प्राधिकाऱ्याकडे जाताच येत नसे, आणि दिवाणी दाव्याचा खर्च करण्याएवढं माझ्याकडे लेखी काही नव्हतं.

आता ही बाजू बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं देय वेतनही नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे, पगाराची वरची मर्यादा नाही, आणि दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. ग्रॅच्युइटीचे ३० दिवस तसेच आहेत. पीएफ या हिशोबात येतच नाही, तो आपल्या यूएएनवरून काढायचा किंवा वळवायचा असतो. माझ्या कंपनीने नोकरी सुटल्याची तारीख भरलीच नव्हती. शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने झाल्यावर मी पोर्टलवर Manage मधल्या Mark Exit मधून ती स्वतः भरली, त्यासाठी एचआरच्या पाया पडावं लागलं नाही.

यंदा जानेवारीत माझ्याच विभागात आधीपासून काम करणारा एक मुलगा बाहेर पडला. त्याने आधी मला फोन केला, "ताई, काय काय करू?" राजीनाम्याच्या आठवड्यातच त्याने रजेच्या शिल्लकीचा स्क्रीनशॉट घेऊन स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवला. वरिष्ठांनी तोंडी लवकर सोडलं तेव्हा त्याने त्याच संध्याकाळी त्यांना लिहिलं, "आपल्या बोलण्याप्रमाणे माझा शेवटचा दिवस अमुक, नोटीसचे उरलेले दिवस माफ, कृपया दुजोरा द्यावा", आणि "ओके" एवढं उत्तर येईपर्यंत दोनदा आठवण केली. शेवटच्या दिवशी तोच कोऱ्या आकड्याचा कागद त्याच्यापुढे आला. त्याने सहीच्या वर पेनने लिहिलं, "आजपर्यंत रक्कम मिळालेली नाही, हिशोब पाहून मान्यता देईन", खाली तारीख घातली आणि मोबाईलवर फोटो काढला. मॅडमनी कागद परत घेतला, आत जाऊन आल्या आणि रिलीव्हिंग लेटर दिलं. त्याचा पगार तिसऱ्या दिवशी आला, ग्रॅच्युइटी सव्विसाव्या दिवशी, २६ ने भागून.