डार्क मोडचा स्क्रीनशॉट वाचून घेताना: सगळे चित्र उलटावे की तुकडे पाडावेत?

बेळगावात शहापूर भागात माझे टायपिंगचे छोटे दुकान आहे. खानापूर आणि निपाणीकडची माणसे हल्ली कागदांऐवजी मोबाईलमधले स्क्रीनशॉट घेऊन येतात आणि ‘एवढं टाईप करून द्या’ म्हणतात. निम्म्याहून अधिक स्क्रीनशॉट डार्क मोडमधले असतात, म्हणजे काळपट पार्श्वभूमीवर पांढुरकी अक्षरे. चित्रातून मजकूर काढणारी प्रणाली तिथेच अडखळते. अशा वेळी पर्याय चार उरतात: फोन लाइट मोडमध्ये नेऊन स्क्रीनशॉट पुन्हा काढणे, संपूर्ण चित्र उलटून, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करून, संगणकावर मजकूर वाचणाऱ्या टेसरॅक्ट या प्रणालीला देणे, चित्राचे भाग पाडून हवे तेवढेच उलटणे, किंवा मोबाईलवरील गूगल लेन्सवर सोपवणे.

पहिल्या पर्यायाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मूळ संभाषण गिऱ्हाइकाच्याच फोनमध्ये असेल, तर दोन मिनिटांत लाइट मोड लावून पुन्हा स्क्रीनशॉट घ्यावा. बाकी काही करण्याची गरज उरत नाही. अडचण एवढीच की बहुतेकांकडे तो दुसऱ्या कोणीतरी पाठवलेला असतो.

दुसरा पर्याय निवडण्यापूर्वी टेसरॅक्ट नेमके कुठे चुकते हे समजून घ्यावे. ही मोफत प्रणाली प्रथम चित्राचे निव्वळ काळे-पांढरे रूप करते, मग त्यात मजकुराचे भाग आणि ओळी शोधते, आणि शेवटी एकेक ओळ वाचते. तिची अपेक्षा गडद अक्षरे आणि फिकट कागद अशी असते. चौथ्या आवृत्तीपासून तिच्या अधिकृत सूचनांमध्येही तसेच सांगितले आहे. पाचव्या आवृत्तीत `invert_threshold` नावाची सोय आहे: वाचलेल्या ओळीचा विश्वासांक ०.७ पेक्षा कमी आला, तर तीच ओळ उलटून पुन्हा वाचून पाहिली जाते. ‘मग हाताने उलटायचे कशाला?’ असा प्रश्न साहजिक आहे. परंतु ही सोय ओळ सापडल्यानंतरची आहे. भला मोठा काळा पट्टा चित्र समजून आधीच बाजूला टाकला गेला, तर त्यातील ओळींपर्यंत ती पोहोचतच नाही. म्हणूनच निकालात चुकीची अक्षरे दिसण्याऐवजी अख्खे परिच्छेदच गायब झालेले आढळतात, आणि हा दोष अधिक फसवा असतो, कारण उरलेला मजकूर वाचायला अगदी व्यवस्थित वाटतो. मी स्क्रीनशॉटमधील ओळी बोटाने मोजतो आणि निकालातील ओळींशी ताडून पाहतो.

स्क्रीनशॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा गडद असेल, तर संपूर्ण चित्र उलटणे पुरेसे ठरते. ० म्हणजे काळे आणि २५५ म्हणजे पांढरे या मापावर पार्श्वभूमीची छटा १८ आणि अक्षरांची २२४ असेल, तर उलटल्यावर त्या २३७ आणि ३१ होतात. छापील पानासारखेच रूप मिळते. चाळीस स्क्रीनशॉटचा गठ्ठा असेल तर हा मार्ग सर्वांत वेगवान आहे.

पण एक प्रकरण असे आले की हा मार्ग सोडावा लागला. जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत झालेल्या संभाषणाचा तो स्क्रीनशॉट होता. वरच्या बाजूला गडद हिरव्या चौकटींत मराठी संदेश, मधोमध पांढऱ्या कागदावरील कन्नड पहाणीचा, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याचा फोटो आणि खाली पुन्हा संदेश. आहे तसे चित्र दिले तेव्हा पहाणीतील काही ओळी आल्या आणि संदेश जवळजवळ नाहीसे झाले. संपूर्ण उलटून दिले तेव्हा संदेश नीट आले, पण पहाणी काळी पडून तिचा कचरा झाला. गठ्ठ्यासाठी मी वापरत असलेला नियमही, म्हणजे चित्राची सरासरी छटा निम्म्याहून गडद असेल तर उलटायचे हा, इथे फसला होता, कारण पांढऱ्या पहाणीने सरासरी वर ओढली होती. शेवटी इमेजमॅजिकच्या `magick` या आज्ञेने भाग पाडले (आकडे त्या १०८० पिक्सेल रुंद चित्रापुरतेच आहेत):

```
magick shot.png -crop 1080x700+0+180 +repage -colorspace Gray -negate chat.png
magick shot.png -crop 1000x900+40+890 +repage pahani.png
tesseract chat.png chat -l mar+eng --psm 6
tesseract pahani.png pahani -l kan+eng --psm 6
```

खालच्या संदेशांसाठी पहिली आणि तिसरी ओळ वेगळे आकडे आणि `chat` ऐवजी वेगळे नाव घालून पुन्हा चालवली. `--psm 6` म्हणजे ‘हा मजकुराचा एकच सलग गठ्ठा आहे’ असे सांगणे. त्यामुळे भाग शोधण्याची जी पायरी घात करते, ती बरीचशी टळते. तुकडे पाडण्याचा आणखी एक लाभ आम्हा सीमाभागातल्यांना विशेष जाणवतो: प्रत्येक तुकड्याला त्याचीच भाषा देता येते. मराठी आणि कन्नड एकत्र दिल्यास एका लिपीतील अस्पष्ट अक्षर दुसऱ्या लिपीत वाचले जाण्याची शक्यता वाढते. पहाणीच्या रकान्यांतील एकर-गुंठ्यांचे आकडे मात्र मी कोणत्याही मार्गाने आले तरी मूळ फोटो मोठा करून डोळ्यांनीच तपासतो.

संदेशांच्या तुकड्यातही एक चूक राहिली होती. मूळ वाक्य ‘त्यांचा हिस्सा’ असे होते आणि निकालात ‘त्याचा हिस्सा’ आले होते. गडद पार्श्वभूमीवरील बारीक अक्षरांच्या कडा करड्या असतात. काळे-पांढरे करताना त्या कडा गळतात आणि अनुस्वाराचा ठिपका सर्वांत आधी जातो. वाटणीच्या कागदात एका ठिपक्याने वाटेकरी बदलतो. उलटलेला तुकडा `-resize 200%` ने मोठा करून दिल्यावर ठिपका परत आला. स्क्रीनशॉट वारंवार फॉरवर्ड होऊन अक्षरांभोवती धूसर डाग पडले असतील, तर मोठे करूनही उपयोग होत नाही. तो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवणे बरे.

गूगल लेन्सला उलटणे-कापणे यातले काहीच सांगावे लागत नाही, आणि चार-पाच स्क्रीनशॉटसाठी मी स्वतः तेच वापरतो. मात्र त्यात भाषा, भाग किंवा छटा यांवर आपला ताबा राहत नाही, आणि चित्र बाहेरच्या सर्व्हरवर जाते. भावकीचा वाद, बँकेचा तपशील असे काही असेल तर मी आधी गिऱ्हाइकाला तसे सांगतो. बरेच जण ‘नको, इथेच करा’ म्हणतात.

खऱ्या निगेटिव्हसारख्या फोटोंना, म्हणजे जुन्या काळ्या फोटोस्टॅटचा मोबाईलने काढलेला फोटो वगैरेंना, नुसते उलटणे पुरत नाही, कारण उजेड एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी असतो. तिथे टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीतील `-c thresholding_method=2` ही सावोला पद्धत उपयोगी पडते, कारण ती प्रत्येक ठिकाणची सीमा आजूबाजूच्या छटेवरून ठरवते. ती गडद अक्षरे गृहीत धरूनच बेतलेली असल्याने आधी `-negate` ने चित्र उलटावे आणि मगच ती लावावी. न उलटता लावल्यास मोकळी काळी जागा पांढरी होते आणि अक्षरांभोवती काळे पट्टे उमटतात. आज्ञेच्या शेवटी `get.images` जोडून मधले काळे-पांढरे चित्र काढून पाहिले की आपण कोणत्या बाजूने चुकलो ते लगेच दिसते.