मर्यादेत बसणारी पीडीएफ, पण प्रकरण न तोडता: आकाराने तोडावी, बुकमार्कने की मोजून?

अपलोडची मर्यादा १० एमबी आणि हातात २७ एमबीचा अहवाल, अशा वेळी बहुतेक जण पहिला सापडेल तो "स्प्लिट" पर्याय दाबतात. पण मर्यादा पाळायची आणि प्रकरणही अखंड ठेवायचं, या दोन्ही अटी एकाच बटणात क्वचितच मिळतात. मार्ग तीन आहेत. पीडीएफ आकाराने तोडायची, बुकमार्कने तोडायची, किंवा प्रकरणांचे गट करून प्रत्येक गट मोजून पाहायचा. माझं मत आधीच सांगते: वाचणाऱ्याला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उघडायचा असेल, तर तिसरा मार्ग घ्या. त्याला थोडा वेळ जास्त लागतो, पण दोन्ही अटी तोच पाळतो.

एक उदाहरण घेऊ. २४० पानं, सात प्रकरणं. प्रत्येक पानावर तीच पार्श्वभूमीची प्रतिमा आणि तेच फॉन्ट, हा सामाईक ऐवज १ एमबीचा. प्रत्येक प्रकरण वेगळं काढलं की आकार असे येतात: ३.१, ४.४, ४.१, ७.८, २.६, ५.२ आणि ५.९ एमबी. यांची बेरीज ३३.१ होते, मूळ फाइल मात्र २७.१. फरक सामाईक ऐवजाचा आहे. मूळ फाइलमध्ये तो एकदाच साठवलेला असतो, तुकडे केले की प्रत्येक तुकड्यात त्याची वेगळी प्रत जाते.

आकाराने तोडणं सर्वांत सोपं. `PDFsam Basic`मध्ये `Split by size` आहे, अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्येही फाइलच्या आकारानुसार विभागायचा पर्याय आहे. आपल्या अहवालाची पहिली तीन प्रकरणं मिळून ९.६ एमबी होतात. म्हणजे उरलेल्या ०.४ एमबीत चौथ्या प्रकरणाची पहिली दोन-तीन पानं बसतील आणि उरलेलं प्रकरण पुढच्या फाइलमध्ये जाईल. साधनाच्या दृष्टीने यात काहीच चुकलेलं नाही, कारण प्रकरण कुठे सुरू होतं हे ते पाहतच नाही. शिवाय `PDFsam`मध्ये मिळणारा आकार अंदाजे असतो, त्यामुळे मर्यादा काटेकोर असेल तर आकडा थोडा कमी द्यावा लागतो. नुसती साठवण किंवा पाठवणी असेल आणि समोरचा सगळे भाग पुन्हा जोडणार असेल, तर हा मार्ग पुरेसा आहे.

बुकमार्कने तोडताना सीमा बरोबर पडतात, पण आकाराकडे लक्ष राहत नाही. आपल्या अहवालाच्या सात फाइली होतील. प्रत्येक मर्यादेत असेल, पण चार फाइलींत जे मावलं असतं त्याच्या सात झाल्या. अपलोडला फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असेल तर इथेच अडतं. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे पानाच्या मध्यावर सुरू होणारी प्रकरणं. समजा तिसरं प्रकरण १०१व्या पानाच्या अर्ध्यावर संपतं आणि तिथेच चौथं सुरू होतं. बुकमार्क १०१व्या पानाकडे बोट दाखवतो, म्हणून ते अख्खं पान चौथ्या प्रकरणाच्या फाइलमध्ये जातं आणि तिसऱ्याचा शेवटचा परिच्छेद तिसऱ्याच्या वाचकाला मिळतच नाही. तुटलं आहे हे ओळखायचं असेल तर प्रत्येक भागाचं शेवटचं पान उघडा. वाक्य अर्धवट थांबलेलं दिसेल. पीडीएफमध्ये पानापेक्षा लहान तुकडा करता येत नाही, त्यामुळे यावर उपाय एकच: ते पान दोन्ही भागांत द्यायचं.

ही मोकळीक तिसऱ्या मार्गात मिळते. आधी प्रकरणांची सुरुवातीची पानं काढून घ्या. बुकमार्क असतील तर टर्मिनलमध्ये `pdftk` या साधनाची ही आज्ञा यादी देते:

```
pdftk ahaval.pdf dump_data_utf8 | grep Bookmark
```

स्कॅन केलेल्या फाइलमध्ये बहुधा बुकमार्क नसतात. मग अनुक्रमणिकेवरून यादी हाताने करा, पण छापील पानक्रमांक आणि फाइलमधला क्रमांक यांतला फरक मिळवायला विसरू नका. त्यानंतर पहिल्या प्रकरणापासून एकेक प्रकरण वाढवत जायचं, दरवेळी `qpdf` या साधनाने फाइल खरोखर तयार करायची आणि तिचे बाइट पाहायचे. मर्यादा ओलांडली की एक पाऊल मागे येऊन तिथे भाग बंद करायचा.

```
qpdf --empty --pages ahaval.pdf 1-101 -- bhag-1.pdf
qpdf --empty --pages ahaval.pdf 101-178 -- bhag-2.pdf
wc -c bhag-*.pdf
```

फाइल तयार करूनच मोजायची, नुसती बेरीज करायची नाही, याचं कारण तो सामाईक ऐवज. पहिल्या तीन प्रकरणांची बेरीज ११.६ येते, म्हणून कागदावर ती एकत्र बसत नाहीत. प्रत्यक्षात मात्र दोन प्रती वाचतात आणि फाइल ९.६ची होते. चौथं आणि पाचवं मिळून ९.४, वर १०१वं पान दोनदा आल्याचा किंचित भार. सहावं आणि सातवं मिळून १०.१ होतात, म्हणून ती वेगळी ठेवावी लागतात. एकूण चार भाग. नुसत्या बेरजेवर विसंबलं असतं तर पाच झाले असते.

आता त्या १०.१कडे पुन्हा पाहा. काही ठिकाणी १० एमबी म्हणजे १,००,००,००० बाइट, काही ठिकाणी १,०४,८५,७६०. दुसरा हिशोब असेल तर शेवटची दोन प्रकरणं एकत्र बसतात आणि काम तीन भागांत होतं. कुठला हिशोब आहे ते कळत नसेल तर लहान आकडा धरा. ईमेलने पाठवायचं असेल तर आणखी सावध राहा. जोडलेली फाइल पाठवताना बेस६४मध्ये बदलली जाते आणि एक तृतीयांशाहून थोडी अधिक फुगते, त्यामुळे २५ एमबीच्या मर्यादेत १८च्या आसपासचीच फाइल सुखरूप जाते.

वरच्या आज्ञेतलं `--empty` जाणीवपूर्वक घातलं आहे. त्याने मूळ फाइलचे बुकमार्क आणि आत जोडलेल्या फाइली भागांत येत नाहीत. बुकमार्क हवेच असतील तर `qpdf ahaval.pdf --pages . 1-101 -- bhag-1.pdf` असं लिहा, पण मग दुसऱ्या भागांतल्या प्रकरणांचे बुकमार्कही येतात आणि त्यांवर टिचकी मारली तर ते कुठेच नेत नाहीत. जोडलेल्या फाइलीही प्रत्येक भागात येतात आणि आकार वाढतो.

कधी कधी फक्त एक पान काढलं तरी फाइल जवळजवळ मूळ आकाराची निघते. म्हणून गट करण्याआधी एकच पान काढून मोजण्याची सवय मला फार उपयोगी वाटते. असं झालं तर बहुधा सगळ्या पानांनी संसाधनांची एकच यादी वापरलेली असते, आणि एका पानाबरोबर सगळ्या प्रतिमा ओढल्या जातात. आज्ञेत `--remove-unreferenced-resources=yes` घालून पुन्हा मोजा. न वापरलेल्या प्रतिमा गळून पडतात.

एकटं प्रकरणच मर्यादेबाहेर असेल तर यातला कुठलाच मार्ग ते अखंड ठेवून मर्यादा पाळू शकत नाही. तेव्हा बुकमार्कच्या दुसऱ्या पातळीवर, म्हणजे उपप्रकरणांच्या सीमेवर तोडा. तेही जमत नसेल तर फक्त त्या प्रकरणातल्या प्रतिमा हलक्या करा. घोस्टस्क्रिप्टचं `/ebook` सेटिंग प्रतिमा १५० डीपीआयपर्यंत खाली आणतं. बारीक अक्षरांच्या स्कॅनवर ते वापरण्याआधी एका पानावर करून ते वाचता येतं का ते पाहा. आणि फाइलवर डिजिटल स्वाक्षरी असेल तर यातल्या कुठल्याही मार्गाने ती भागांत वैध राहत नाही. आधी विभागणी करून घ्या आणि प्रत्येक भागावर वेगळी स्वाक्षरी मागा.