‘बाकी काल ठरलं तसंच’ : ३५,००० रुपयांना पडलेला मेसेज

३५,००० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नातेवाइकांत तो पंधरा हजारांपासून दोन लाखांपर्यंत सगळीकडे फिरून आलाय. आधी १०,०००, मग १२,५००, मग परत १२,५००. एवढेच गेले, याहून जास्त नाही.

‘चुकून जास्त पैसे आले, परत करा’ हा प्रकार तुम्हाला माहीत आहे. मलाही होता. त्याचे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकलेत, आणि ते टोमणे मारणाऱ्यांनी मला आठवणीने परत पाठवलेत. त्यामुळे तो प्रकार समजावत बसत नाही. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. एवढं माहीत असलेली बाई त्या टप्प्यापर्यंत पोचलीच कशी, तर पहिल्या मेसेजमुळे.

आम्ही दोघी जावा नाशिकला घरून दिवाळीचा फराळ करतो. ऑर्डरचा नंबर एकच, फोन एकच. कधी माझ्या हातात, कधी मोठ्या जाऊबाईंच्या, बहुतेक वेळा ओट्यावर पिठात. कुणी फोनवर बोलून ऑर्डर देतं, कुणी व्हॉट्सॲपवर, कुणी जिन्यात गाठून. दिवाळीला आठवडा राहिला होता, घाणा चालू होता, आणि अनोळखी नंबरवरून हा मेसेज आला:

‘आणि हो ताई, चकल्या जरा कमी तिखट. बाकी काल ठरलं तसंच. ॲडव्हान्स आत्ता टाकतोय.’

नमस्कार नाही, नाव नाही. सुरुवातच ‘आणि हो’ने. वरती आधीचं एकही बोलणं नव्हतं, पण आमच्याकडे त्यात नवल काहीच नाही. निम्म्या ऑर्डरी फोनवर ठरतात, त्यातल्या निम्म्या जाऊबाई घेतात आणि वहीत लिहायच्या विसरतात. मी आतल्या खोलीत हाक मारून विचारलं, ‘ताई, काल कुणाची चकलीची ऑर्डर घेतलीत का?’ त्या म्हणाल्या, ‘घेतली असेल गं, काल तिघीचौघींचे फोन होते.’ झालं.

‘लॉटरीत तुमचा नंबर लागलाय’ असा मेसेज आला की आपण लगेच विचारतो, हा कोण? ‘काल ठरलं तसंच’ असा आला की आपण विचारतो, काल काय ठरलं होतं बरं? पहिल्यात संशय समोरच्यावर जातो, दुसऱ्यात आपल्याच आठवणीवर. शिवाय धंद्यात गिऱ्हाइकाला ‘तुम्ही कोण?’ विचारणं अवघड वाटतं. मागच्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाला मी तसं विचारलं होतं, त्या बाई यंदा आल्या नाहीत.

मी काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं देते, कारण नंतर ते वाचताना माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, ‘चार किलोचीच ना?’ तो, ‘हो, चार.’ मी, ‘आणि चिवडा दोन?’ तो, ‘बरोबर.’ मी, ‘तुम्ही पाटील वहिनींचे मिस्टर का?’ तो, ‘हो हो.’ मी, ‘मग अर्धा ॲडव्हान्स २,५०० टाका.’ तो, ‘तेच टाकतोय.’

पुन्हा वाचा. चार किलो मी सांगितलं. चिवडा मी सांगितला. पाटील मीच केलं त्याला. रक्कमसुद्धा मीच दिली. त्या माणसाने स्वतःहून एक अक्षर सांगितलेलं नाही, फक्त हो म्हणत गेला. फराळवालीला ‘चकल्या कमी तिखट’ म्हटलं की ते लागू पडणारच. क्लासवाल्याला तो ‘मुलाची बॅच संध्याकाळची’ म्हणत असेल, घर भाड्याने देणाऱ्याला ‘चावी शनिवारी घेतो’. आमचा नंबर आणि दरपत्रक तर आम्हीच गावभर फिरवतो, ते मिळवायला कुठलंही हॅकिंग लागत नाही.

म्हणून ही एक गोष्ट आत्ताच सांगते. असा अर्ध्यातून सुरू झालेला मेसेज आला तर त्यातली गाळलेली जागा तुम्ही भरू नका. ‘काय ठरलं होतं ते परत एकदा पूर्ण लिहून पाठवा’ एवढंच लिहा. खरं गिऱ्हाईक कुरकुरेल, पण लिहील. मी आता सगळ्यांना तेच पाठवते. कुणाला राग आला तर येऊ दे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बँकेसारखा दिसणारा एसएमएस आला, २५,००० जमा. मागोमाग फोन: ताई, एक शून्य जास्त पडलं, बायको दवाखान्यात आहे, तुमचे २,५०० ठेवा, २२,५०० परत पाठवा. आवाज इतका साधा, इतका ओशाळलेला, की मीच त्याला ‘अहो होतं असं’ म्हणून धीर दिला.

इथे मला दिसायला हवं होतं. बँकेचे खरे मेसेज माझ्या फोनमध्ये एकाच धाग्यात येतात. वर दोन अक्षरं, मग बँकेचं आखूड नाव, शेवटी `-S` किंवा `-T`. उघडलं की त्याच्या वर गॅसचे, किराण्याचे, विजेच्या बिलाचे जुने मेसेज रांगेने दिसतात. हा मेसेज उघडला तेव्हा वर काही नव्हतं. कोरा. पाठवणारा साधा दहा आकडी मोबाइल नंबर, शेजारी माणसाच्या आकृतीचं राखाडी वर्तुळ. बँकेला कुठून आलं राखाडी वर्तुळ? पण माझे दोन्ही हात भाजणीत, फोन पुतण्याने वरच्या पट्टीवर दिसला तेवढा वाचला, ‘काकू, पंचवीस हजार आले.’ दहा वर्षांच्या पोराने आणखी काय बघायचं?

आणि दुसरं. पैसे पाठवताना पिनच्या आधी स्क्रीनवर समोरच्याचं बँकेतलं नाव येतं. तिथे पाटील नव्हतं. एका बाईचं, वेगळ्याच आडनावाचं नाव होतं. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, ‘दवाखान्यात आहे ना, इथल्या सिस्टरचा नंबर दिलाय.’ मेसेज कसाही सजवता येतो, ते नाव मात्र बँकेकडून येतं, ते त्याला बदलता येत नाही. संपूर्ण प्रकरणात खरं बोलणारी तेवढी एकच गोष्ट होती आणि मी तिच्यावरून बोट पुढे सरकवलं.

बाकी शिल्लक बघायला अर्धं मिनिट लागतं. ज्याला पैसे परत करायचेत त्याचे पैसे आधी पासबुकात दिसले पाहिजेत, एसएमएसमध्ये नव्हे. आणि खरोखरच कुणाचे चुकून आले असतील तरी तुम्ही हाताने परत पाठवायचे नाहीत. त्याला म्हणावं, तुझ्या बँकेत तक्रार कर, बँक माझ्या बँकेशी बोलेल.

मी १०,००० पाठवले, मग १२,५००. त्यावर त्याने ‘पेंडिंग’चा स्क्रीनशॉट टाकला. अडकलेत, थोड्या वेळाने तुमच्याच खात्यात परत येतील, तोवर या दुसऱ्या नंबरवर टाका, डिस्चार्ज थांबलाय. माझ्या स्क्रीनवर हिरवी खूण होती. तरी टाकले. ह्यांनी त्यावर जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण दुसऱ्याच्या डिस्चार्जसाठी जीव कळवळणं हा गुन्हा नाही, एवढं म्हणायचा हक्क मला आहे.

शिल्लक बघितली ती तिसऱ्या पैशांनंतर. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०ला फोन. सुरात सुरात ‘आपला कॉल महत्त्वाचा आहे’. शेवटी लागला तेव्हा तिकडून यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक मागितला. मी ॲपमधला लांबलचक नंबर वाचत होते, तो ॲपचा स्वतःचा निघाला. हवा असतो तो १२ आकडी, व्यवहार उघडून खाली सरकवलं की सापडतो. तो शोधेपर्यंत फोन कटला. तेव्हा आधी प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी नंबर, तारीख, वेळ आणि रक्कम कागदावर उतरवा, मग फोन लावा. लागला नाही तर थांबू नका, `cybercrime.gov.in` वर स्वतः भरा. चॅट डिलीट करू नका. माझी रागाने करून झाली होती, नशीब जाऊबाईंनी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते.

मग बँक. समोरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, ‘पिन कुणी टाकला?’ मी टाकला. ‘मग बँकेचा काय संबंध?’ रिझर्व्ह बँकेने २०१७ साली परिपत्रक काढलं होतं, त्रयस्थाने खात्यात घुसून पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही, वगैरे. ते मी प्रिंट काढून नेलं होतं. साहेबांनी परत केलं. तुम्ही स्वतः पाठवलेत म्हणजे ते लागू नाही म्हणे. निदान ज्या खात्यात गेले ते गोठवायला सांगा म्हटलं, तर ‘ती दुसरी बँक आहे’. लेखी अर्ज घ्यायला तयार नाहीत. पोच हवी म्हणून मी तिथेच बसून राहिले, तेव्हा शिक्का मिळाला. तो शिक्का लागतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे आधी बँकेत तक्रार केल्याचा पुरावा मागतात.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘शिकलेल्या आहात ना?’ दुसरा, ‘समोरचा कुठला?’ मला कुठून माहीत असणार तो कुठला! मग ‘सायबरला जा’. सायबरला गेले तर ‘रक्कम लहान आहे, ऑनलाइन तक्रार झालीय ना, मग झालं’. गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. हे मी वाचून गेले होते, म्हणून म्हणाले. तर हवालदार हसून म्हणाले, ‘मॅडम, कायद्यात बरंच काही आहे.’ चकलीच्या सोऱ्यासारखं एका टेबलावरून दाबायचं, दुसऱ्या टेबलावर बाहेर काढायचं, एवढंच चाललं होतं. अर्ज घेतला, एफआयआर नाही. आमच्यासारख्या शंभर जणींचे पस्तीस-पस्तीस हजार मिळवले की रक्कम लहान राहत नाही, हे त्यांना कुणी सांगायचं?

हा मेसेज तुम्हाला आला आणि पैसे अजून गेले नसतील तर १९३० नव्हे, `sancharsaathi.gov.in` वरचं ‘चक्षू’. तिथे नंबर आणि स्क्रीनशॉट देता येतो. पैसे गेले असतील तर मात्र १९३०च, आणि त्याच तासात. कारण ही खाती भाड्याची असतात, पैसे तिथून पुढच्या खात्यात, तिथून एटीएममध्ये.

माझ्या बाबतीत दुसऱ्या खात्यात ३,१४० रुपये सापडून गोठले. बाकी त्याआधीच निघाले होते. हे ३,१४० मला मिळायला न्यायालयाचा आदेश लागेल, असं तेव्हा सांगितलं. अर्ज वकिलाकडून करून घ्या म्हणाले. वकिलांनी फी सांगितली ५,०००.