लिंट रोलर, ओला रबरी हातमोजा आणि ग्लिसरीनचं पाणी : एका अख्ख्या हिवाळ्याच्या वापरानंतर

काळी पॉलिएस्टर पँट आणि वर राखाडी लोकरीचा स्वेटर ही जोडी तपासणीसाठी सगळ्यात चांगली, कारण दोन्हीचा त्रास एकाच वेळी दिसतो. पँट पायाला चिकटते, स्वेटर काढताना चरचर आवाज येतो, आणि संध्याकाळपर्यंत पँटच्या मांडीवर स्वेटरचे पांढुरके तंतू बसलेले असतात. हे तंतू चिकट रोलरने काढले तर काही मिनिटांत तितकेच परत येतात. महिनोन्‌महिने वापरल्यावर या रोलरबद्दलची पहिली तक्रार हीच, आणि त्यामागचं कारण कळलं की बाकी सगळं सोपं होतं.

लोकर आणि पॉलिएस्टर एकमेकांवर घासले की लोकरीवर धन आणि पॉलिएस्टरवर ऋण भार साठतो. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ धरतच नाही. साधारण दमट हवेतही त्यात स्वतःच्या वजनाच्या 0.4 टक्के इतकाच ओलावा असतो, तर सुतात सुमारे 8 आणि लोकरीत 15-16 टक्के. भार वाहून जायला ओलावा लागतो. तो नसला की भार कापडावरच बसून राहतो आणि आजूबाजूचा प्रत्येक सुटा तंतू ओढून घेतो. म्हणजे चिकटणं आणि तूस बसणं ही दोन दुखणी नसून एकच आहे. आता रोलरचं बघा: चिकट कागद कापडावरून सोलून निघतो, तेव्हा त्या सोलण्यानेच नवा भार तयार होतो. कोरड्या हवेत रोलर एकीकडे तूस काढतो आणि दुसरीकडे कापडाला पुन्हा तूस ओढायला लावतो. रोलर वाईट नाही, पण तो शेवटी वापरायचा. आधी भार उतरवायचा.

भार उतरवण्यासाठी सगळ्यात भरवशाचं निघालं ते ग्लिसरीनचं पाणी. अर्धा लिटर पाण्यात एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली ग्लिसरीन घालून बाटली नीट हलवायची. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पॉलिएस्टरला नसलेला ओलावा त्याच्या पृष्ठभागावर मिळतो. पँट उलटी करून हँगरला लावा, फूटभर अंतरावरून मांड्या आणि पोटऱ्यांच्या आतल्या बाजूला प्रत्येकी तीन-चार फवारे मारा. फवारा धुक्यासारखा बसला पाहिजे, थेंब ओघळता कामा नयेत. दहा मिनिटं वाळू द्या, मगच घाला. असर साधारण अर्धा दिवस टिकतो आणि धुतल्यावर पूर्ण जातो.

चूक होते ती ग्लिसरीन वाढवण्यात. दोन-तीन चमचे घातले की कापड चिकटसर होतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणजे ज्यासाठी एवढं केलं तेच उलटं होतं. ओळखायची खूण सोपी: वाळलेलं कापड चिमटीत धरून सोडा. बोटाला किंचित लागल्यासारखं वाटलं तर प्रमाण जास्त झालंय, कपडा एकदा साध्या पाण्यातून काढा आणि बाटलीत तितकंच पाणी वाढवा. साटिन आणि रेशमावर पाण्याचे डाग पडतात, तिथे आतल्या शिवणीवर आधी एक फवारा मारून पाहणं आवश्यक आहे. पाण्यात टिकवणारं काही नसल्याने आठवड्याभरात संपेल एवढंच बनवावं.

ऐनवेळी बाटली हाताशी नसेल तर धातूचा हँगर चालतो. कपडा अंगावर घालायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूने तारेचा हँगर वरून खाली हळू फिरवायचा. भार धातूतून हाताकडे निघून जातो. पण चालायला लागलं की घासणं परत सुरू होतं, त्यामुळे हा उपाय दाराबाहेर पडण्यापुरता. अस्तराच्या खालच्या शिवणीत लावलेल्या सेफ्टी पिनचा फायदाही असाच अर्धामुर्धा, आणि पातळ कापडाला भोक पडतं हे वेगळंच.

व्हिनेगरबद्दल जरा स्पष्ट लिहायला हवं, कारण त्याची शिफारस सगळीकडे होते. 5 टक्के आम्लतेचं पांढरं व्हिनेगर दहा लिटरच्या बादलीत दोन मोठे चमचे, शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात. यामुळे साबणाचा उरलेला अंश निघतो आणि लोकर मऊ राहते, हे खरं आहे. पण वाळल्यावर ते उडून जातं, कापडात ओलावा धरणारं काही मागे ठेवत नाही. म्हणून पॉलिएस्टरच्या चिकटण्यावर त्याचा परिणाम फारसा जाणवला नाही. लोकरीसाठी ठेवावं, पॉलिएस्टरसाठी त्याच्यावर विसंबू नये. आणि ते ब्लीचच्या पाण्यात कधीही जाऊ देऊ नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

भार उतरल्यावर तूस काढायचं काम ओल्या रबरी हातमोज्याने जसं होतं तसं दुसऱ्या कशानेही झालं नाही. भांडी घासायचा साधा रबरी मोजा घालून हात पाण्यात बुडवायचा आणि झटकून घ्यायचा, ओघळ उरता कामा नये. पँट सपाट पसरून कंबरेकडून पायाकडे, एकाच दिशेने, तळहात टेकवून ओढायचा. तीन-चार ओढण्यांत विखुरलेले तंतू एकत्र येऊन बारीक सुरळ्या होतात, त्या बोटाने उचलायच्या. पुढे-मागे घासलं तर तीच सुरळी पुन्हा मोकळी होऊन पसरते, आणि मोजा कोरडा असेल तर रबरानेच भार चढतो. शिवणीच्या घड्यांत मात्र मोजा पोचत नाही. तिथे रोलरचा एक हात पुरे.

स्वेटरवर मोजा वापरू नका. ओल्या रबराची ओढ लोकरीचे आणखी तंतू वर काढते. स्वेटरला मखमली ब्रश बरा, ज्याची लव एका दिशेने झोपलेली असते. लवेविरुद्ध ओढला तर तूस पकडतो आणि उलट्या दिशेने फिरवला की सोडतो. काही झालं नाही असं वाटलं तर ब्रश फिरवून पाहा, बहुतेक वेळा तो उलटा धरलेला असतो.

स्वेटरवरचे गोळे हे तूस नव्हे. सुटा तंतू ब्रशने निघतो, पण गोळ्याचं एक टोक कापडात रुतलेलं असतं, आणि तो ओढला तर नवा तंतू बाहेर येऊन पुढच्या गोळ्याची तयारी होते. गोळा कापावाच लागतो. कापड सपाट, किंचित ताणून धरा आणि गोळे काढायच्या यंत्राची जाळी टेकवा, दाबू नका. बगल आणि कोपर इथे दाब दिला की कापड विरळ होतं. शुद्ध लोकरीचे गोळे काही धुण्यांनंतर आपोआप गळतातही. ॲक्रिलिक किंवा नायलॉन मिसळलेल्या लोकरीचे गळत नाहीत, कारण त्यांचा तंतू मजबूत असतो आणि गोळ्याला धरून ठेवतो. लेबलवर मिश्रण असेल तर यंत्र वारंवार लागणार हे गृहीत धरावं.

धुण्यातला एक बदल या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी ठरला: लोकर आणि पॉलिएस्टर वेगळे धुणं, आणि दोन्ही उलटे करून. ड्रायर वापरत असाल तर पॉलिएस्टर पूर्ण कोरडं व्हायच्या थोडं आधी, हाताला गारवा लागत असताना, बाहेर काढून हँगरला टाका. हाडासारखं कोरडं झालेलं पॉलिएस्टर ड्रममधून काढताना जो चरचर आवाज देतं, तोच पुढच्या दिवसभराच्या तुसाची सुरुवात असते.