फुटक्या मालाचा फोटो आला: फोटोवर रिफंड, व्हिडिओ कॉल की माल परत?

मुंबईत घरातून किंवा छोट्या गाळ्यातून चिनीमातीचे मग, बरण्या, पणत्या असा नाजूक माल कुरिअरने पाठवणाऱ्याला हा मेसेज कधी ना कधी येतोच: ‘माल फुटका आला, पैसे परत करा.’ खाली एक फोटो असतो. अशा वेळी तीन रस्ते असतात. फोटोवरच निर्णय द्यायचा, व्हिडिओ कॉलवर वस्तू दाखवायला सांगायचं, किंवा माल परत मागवून तपासायचा. तिन्हींचा खर्च वेगळा आहे आणि तिन्हींतून कळणाऱ्या गोष्टीही वेगळ्या आहेत.

आधी फोटोबद्दल बोलू, कारण बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. पुष्कळजण फोटो मोठा करून तडा खरा आहे की काढलेला, हे शोधत बसतात. त्यातून फारसं हाती लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, आणि तो कधी व कुठल्या फोनने काढला ही माहिती त्यातून निघून जाते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल येते आणि तारीख-वेळ बहुधा दिसते. पण ती बदलता येते, आणि स्क्रीनशॉटमध्ये तर ती कॅमेऱ्याची नसतेच. गूगल लेन्सवर टाकून फोटो नेटवरून उचलला आहे का, हे एकदा बघावं. तिथे सापडला नाही म्हणून तो खरा ठरत नाही. शेजाऱ्याच्या फुटक्या कपाचा फोटो नेटवर कशाला असेल? आता तर साध्या अ‍ॅपमध्येही चांगल्या मगवर तडा उमटवता येतो.

म्हणून एका फोटोची चिरफाड करण्यापेक्षा आणखी फोटो मागावेत. कोणते मागायचे, यावर सगळं अवलंबून आहे. मला चार लागतात: खोका बाहेरून, लेबल आणि एडब्ल्यूबी नंबर वाचता येईल असा, खोक्याचे कोपरे, आतलं बबल रॅप आणि भरण, आणि फुटलेली वस्तू तिच्या सगळ्या तुकड्यांसह, त्याच खोक्याशेजारी. एका कोनातून खोटा फोटो बनवणं सोपं आहे. खोका, वेष्टण आणि तुकडे यांची एकच गोष्ट जुळवणं फार अवघड.

एक उदाहरण घेऊ. मुलुंडच्या एका ताईंनी सहा मगांचा १८०० रुपयांचा सेट मागवला होता. पहिल्या फोटोत ओट्यावर कान तुटलेला एक मग, बाकी काही नाही. एवढ्यावर पैसे देणं चूक, आणि नाकारणं त्याहून मोठी चूक. त्यांना लिहिलं, “ताई, त्रास झाला त्याबद्दल माफ करा. खोका अजून असेल तर त्याचे, बबल रॅपचे आणि तुटलेल्या कानाचे फोटो पाठवाल का? लगेच बघतो.” तासाभरात फोटो आले. खोक्याचा एक कोपरा आत दबला होता आणि पुठ्ठ्यावर पाणी सुकल्याची तपकिरी कड होती. पार्सल वॉचमनच्या केबिनबाहेर ठेवलं होतं आणि दिवस जुलैचे होते. ओला पुठ्ठा ताकद सोडतो, मग वरचं ओझं थेट आतल्या वस्तूवर येतं. दबलेल्या कोपऱ्यात बसवलेला मग तोच होता. कान आणि बारीक कपच्या बबल रॅपच्या घडीतच होत्या, आणि रॅप तिथे कापला गेला होता. तुटलेली कड पांढरी, स्वच्छ. वापरात असलेला मग फुटतो तेव्हा जुन्या तड्यात चहाची रेष मुरलेली दिसते. इथे तसं काही नव्हतं. एक मग बदलून पाठवला आणि प्रश्न संपला. पूर्ण सेटचे पैसे द्यायची गरज पडली नाही, आणि ताईंनाही सहा मगच हवे होते.

इथे दोन ठिकाणी घाईने चुकीचा निष्कर्ष निघतो. तुटलेला कान खोक्यात सापडला नाही, तर मग घरात फुटला असेल असं वाटतं. पण पॅकिंगच्या टेबलावर कान तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तरीही तुकडा खोक्यात नसतोच. तेव्हा आधी आपलं टेबल आणि पाठवण्याआधीचा फोटो तपासावा. दुसरं म्हणजे, खोका धड दिसला म्हणजे ग्राहक खोटं बोलतो असं नाही. सपाट तळावर आपटलेल्या खोक्यावर खूण उमटत नाही, पण आत मगाला मग लागून असेल तर धक्का पोचतो. अशा वेळी शेजारच्या मगचा फोटो मागा. त्याच जागी टवका किंवा घासल्याची खूण मिळू शकते.

व्हिडिओ कॉल तेव्हाच करावा, जेव्हा हे चार फोटो एकमेकांशी जुळत नाहीत किंवा रक्कम मोठी आहे. त्याची ताकद एका गोष्टीत आहे: आपण त्या क्षणी जे सांगू ते समोरच्याला करून दाखवावं लागतं. तुटलेला कान त्याच्या खुणेवर बसवून दाखवा, मग उलटा करून बुडाची खूण दाखवा. कड कडेला बसली की तुकडा त्याच मगचा आहे याबद्दल शंका उरत नाही. मात्र वयस्कर ग्राहकांना यात संकोच वाटतो, नोकरी करणाऱ्याला तो लोकलमध्ये असताना कॉल घेता येत नाही, आणि दोनशे रुपयांच्या मगसाठी असा कॉल म्हणजे झडतीच वाटते. कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा.

माल परत मागवणं हा सगळ्यांत पक्का उपाय वाटतो, पण चिनीमातीसाठी तो मला सर्वांत कमकुवत वाटतो. समजा मग २२० रुपयांचा आणि परतीचं कुरिअर ९० रुपयांचं. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास किंमत तपासणीतच गेली. शिवाय फुटकी वस्तू सैल गुंडाळून पुन्हा प्रवास करते, आणखी फुटते, आणि पहिला तडा कुठला हे शेवटी सांगता येत नाही. जिथे वस्तू बदलली जाण्याची भीती असते, म्हणजे सिरीयल नंबर असलेली विजेची उपकरणं, घड्याळं, तिथे मात्र दुसरा इलाज नाही. परत मागवायचंच असेल तर निघतानाचं वजन ग्रॅममध्ये नोंदवलेलं असावं आणि बुडाला आपली छोटी खूण असावी.

‘अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर रिफंड नाही’ ही अट हल्ली सर्रास दिसते. व्हिडिओ मिळाला तर उत्तम पुरावा, पण तोच एकमेव पुरावा मानणं मला पटत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये अशी अट नाही. उलट, व्यवसाय म्हणून ऑनलाइन विकणाऱ्याला सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं, असंही त्या नियमांत आहे.

तुमचा माल ५०० रुपयांच्या आतला असेल तर चार फोटोंवर निर्णय घ्या आणि तक्रारींची वही ठेवा. एकाच पत्त्यावरून तशाच तक्रारी पुन्हा आल्या तरच कॉलकडे वळा. त्याहून महाग नाजूक मालाला फोटो आणि कॉल दोन्ही. मोठ्या पूजेच्या मूर्ती किंवा हजारोंची दिवाळी हॅम्पर पाठवत असाल, तर पाठवण्याआधी उघड्या खोक्याचा फोटो काढा, त्यात प्रत्येक वस्तू आपल्या जागी दिसू द्या. कुरिअरकडे नुकसानभरपाई मागताना हाच फोटो आणि ग्राहकाचे चार फोटो शेजारी ठेवून द्यावे लागतात. त्या मागणीची मुदत बहुधा पावतीवर छापलेली असते, म्हणून ग्राहकाचा मेसेज आला त्याच दिवशी ती वाचा.